माथा चपटा केला, धक्का सौम्य झाला

नकाशावर मुंबई आणि बंगळूर सरळ रेघेने जोडली, तर ती रेघ सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या पश्चिमेला जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरवरून जाते. मुंबईहून निघालेले एअरबस ए-३२० इथवर येईपर्यंत बहुधा उंची गाठून माख ०.७८ च्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने उडू लागते. ३६ हजार फुटांवर तापमान उणे ५६ अंश असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी १०६० किलोमीटरच्या आसपास. विमान ध्वनीपेक्षा मागेच असते, पण त्याच्या पंखावरून जाणारी हवा मात्र काही ठिकाणी ध्वनीला मागे टाकते.

पंखाच्या माथ्याला फुगवटा असतो. त्यावरून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. पंख विमानाला उचलतो तो मुख्यतः त्यामुळे. माख ०.७ च्या पुढे गेल्यावर या फुगवट्यावर स्वनातीत हवेचा एक कप्पा तयार होतो. पंखाच्या मागच्या कडेपर्यंत हवेला पुन्हा मंद व्हायचेच असते, आणि हा बदल बहुधा एका पातळ रेषेवर एकदम होतो. धरणाच्या सांडव्यावरून वेगाने उतरलेले पाणी पायथ्याशी उसळून एकाएकी संथ होते, साधारण तसेच. हाच आघात तरंग. दुपारच्या उन्हात पंखाजवळच्या खिडकीतून नीट पाहिले, तर पंखावर लांबीच्या दिशेने गेलेली, थरथरणारी फिकट सावली कधीकधी दिसते. घनता बदललेल्या हवेतून उन्हाची किरणे वाकतात, म्हणून ती पडते.

तरंग किती जोरकस असेल हे त्याच्या लगेच पुढच्या हवेच्या वेगावर ठरते. तिथे हवा माख १.२ ला असेल, तर आघाताच्या पलीकडे दाब दीडपट होतो, माख १.४ ला असेल, तर दुपटीहून जास्त. वेगातला फरक लहान दिसतो, पण प्रवाहाच्या एकूण दाबातली तूट पहिल्या बाबतीत एक टक्क्याहून कमी असते, तर दुसऱ्या बाबतीत चार टक्क्यांच्या वर जाते. त्याहून मोठा धोका पृष्ठभागाला लागून वाहणाऱ्या मंद हवेच्या थराला, म्हणजे सीमास्तराला. माख १.३ च्या आसपास त्याला ही दाबाची चढण पेलत नाही आणि तो पृष्ठभागापासून सुटतो. मग रोध झपाट्याने वाढतो, पंख थरथरू लागतो आणि ते हादरे आत बसलेल्यांनाही जाणवतात.

नासाच्या लँगली केंद्रातले रिचर्ड व्हिटकोंब यांनी १९६० च्या दशकात या अडचणीचे मूळ फुगवट्याच्या आकारात शोधले. वक्रता जास्त असली की हवा कप्प्याच्या शेवटापर्यंत वेग घेतच राहते आणि सर्वात वेगवान असतानाच आघाताला भिडते. त्यांनी पंखाचे नाक गोलसर ठेवले आणि माथा जवळजवळ सपाट केला. नाकावर हवा लवकर वेग घेते. तिथून निघालेले प्रसरण तरंग कप्प्याच्या वरच्या सीमेवर परावर्तित होऊन दाबतरंग बनून परततात आणि हवेचा वेग आवरतात. सपाट भागावर हवेला आणखी वेग घ्यायला वक्रताच उरत नाही. त्यामुळे माख १.१ ते १.२ च्या आसपासचा वेग लांबवर टिकतो आणि आघात मागे सरकून सौम्य होतो. आघात नाहीसा होतो असे मात्र नाही. पूर्ण आघातरहित प्रवाह एखाद्या ठरावीक वेगाला आणि कोनालाच साधतो. जरा इकडेतिकडे झाले की आघात परततो.

माथा चपटा केला की पुढच्या भागातले उत्थापन कमी पडते. त्याची भरपाई व्हिटकोंब यांनी मागच्या भागातून केली. पंखाच्या खालच्या बाजूला मागच्या कडेजवळ खोलगट बाक दिला, तिथे दाब वाढतो आणि उणीव भरून निघते. म्हणून पंखाचा हा छेद पुढून जाड, वर सपाट आणि शेवटी खाली वळलेला दिसतो. मला हा मागचा बाकच यातला खरा चतुर भाग वाटतो, कारण त्याशिवाय नुसत्या चपट्या पंखाचा विमानाला फारसा उपयोग नसता. ९ मार्च १९७१ रोजी कॅलिफोर्नियात टॉम मॅकमर्ट्री यांनी असा पंख बसवलेले एफ-८ विमान पहिल्यांदा उडवले. त्या चाचण्यांतून उड्डाणाची कार्यक्षमता १५ टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे निष्पन्न झाले.

सुरुवातीचे आकर्षण ध्वनीच्या अगदी जवळच्या वेगाने उडणाऱ्या प्रवासी विमानांचे होते. १९७३ च्या तेलसंकटाने हिशेब बदलला. वेग होता तेवढाच ठेवून तो फायदा पंख जाड करायला वापरता येतो, हे अभियंत्यांनी ओळखले. जाड पंख भाराखाली कमी वाकतो, म्हणून तो हलका बांधता येतो, लांब ठेवता येतो आणि त्यात इंधनही जास्त मावते. मागे झुकवण्याची गरजही थोडी कमी होते. १९८७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या ए-३२० च्या पंखात हीच विचारसरणी आहे. तो साधारण २५ अंशच मागे झुकलेला आहे.

याची किंमत शेपटीला मोजावी लागते. उत्थापनाचा मोठा वाटा मागे सरकल्याने विमानाचे नाक खाली दबू पाहते. ते वर ठेवायला शेपटीने खाली दाब द्यावा लागतो. तेवढे जास्तीचे उत्थापन पंखाला पुरवावे लागते आणि त्यातून थोडा रोध वाढतो. शिवाय पंखाची मागची कड इतकी पातळ होते, की तिच्यात मजबुती आणि झडपांची यंत्रणा बसवताना रचनाकारांची बरीच ओढाताण होते. त्यामुळे छेद आखताना मागचा बाक किती द्यायचा, हे केवळ वायुगतिकीचे तज्ज्ञ ठरवत नाहीत. रचनेचे अभियंतेही त्या चर्चेत पहिल्यापासून बसलेले असतात.