मोडी कागदांसाठी रिअल-ईएसआरगॅन

रिअल-ईएसआरगॅनला मोडी कागदांवर फाइन-ट्यून करायचं, तर एकाच पानाचे १५० आणि ६०० डीपीआयचे दोन स्कॅन घ्या. चौपटीची जोडी आपोआप जमते. खरी मेहनत ती जुळवण्यात आहे. लहान स्कॅन चौपट करून मोठ्यावर ठेवा. शिरोरेषा दुहेरी दिसली तर पान सरकलंय. तशाच जोड्या दिल्या तर मॉडेल सगळ्या शक्यतांची सरासरी काढतं आणि रेषा धूसर येतात. चाचणीसाठी वेगळ्या लेखकाच्या हातची पानं राखून ठेवा, प्रशिक्षणातल्याच पानांचे तुकडे नकोत. नाहीतर निकाल उगाच चांगला दिसतो. आणि पुसट अक्षर मॉडेल अंदाजाने रचतं, तेही अगदी ठसठशीत! म्हणून वाचन ठरवताना मूळ स्कॅनच प्रमाण माना.