नावातच कळू दे फराळ

दिवाळीत ‘धमाका ऑफर’ किंवा ‘महाकॉम्बो’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. पण आत काय आहे आणि किती वाचणार, हे त्यांतून कळत नाही.

समजा, चकली, चिवडा, शंकरपाळे आणि बेसनलाडू प्रत्येकी अर्धा किलो आहेत. सुटे घेतले तर ९०० रुपये होतात, एकत्र ८१० रुपये. या डब्याला ‘माहेरचा फराळ’ म्हणावं आणि लगेच खाली लिहावं: ‘४ पदार्थ, २ किलो, ९० रुपयांची बचत’. वरची ओळ मनाला भिडते, खालची हिशेब सांगते. इथे ‘१० टक्के सूट’पेक्षा ‘९० रुपये’ चटकन कळतं, कारण गिऱ्हाईकाला आकडेमोड करावी लागत नाही.

मात्र नाव डब्याला शोभायला हवं. ‘संपूर्ण फराळ’ म्हटलं आणि करंजी नसली, तर गिऱ्हाईक नाराज होणारच. ‘भाऊबीज भेट’ हे नाव गोड आहे, पण भाऊबीज सरली की उरलेले डबे त्या नावाने खपत नाहीत.

नाव ठरलं की दोन्ही ओळी ओळखीच्या कुणाला फोनवर वाचून दाखवाव्यात. “त्यात काय काय आहे?” असं समोरून आलं, तर दुसऱ्या ओळीत पदार्थांची नावंच घालावीत.