चुना, टेक्स्चर की स्टेन्सिल? इथल्या भिंतींना काय मानवतं

दुबई-शारजाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या माणसाला सगळीकडे तोच एक पांढरट प्लॅस्टिक पेंट दिसतो. वर्षा-दोन वर्षांत मन कंटाळतं आणि 'या एका भिंतीचं काहीतरी करूया' असा विषय घरात निघतो. हल्ली चुन्याचा रंग, टेक्स्चर आणि स्टेन्सिल असे तीन पर्याय पुढे येतात. पहिल्या दिवशी तिन्ही सुरेखच दिसतात. पण पाच वर्षांनी त्यांचं काय होतं ते पाहून निवड करावी, असं आम्हाला वाटतं.

आधी चुना. आपल्याकडे दिवाळीच्या आधी चुनकळी पाण्यात विरवून, त्यात थोडी नीळ आणि डिंक किंवा सरस घालून भिंतींना सफेदी काढत, हे अनेकांनी लहानपणी पाहिलं असेल. आजचा 'लाइम वॉश' म्हणजे मूळ तोच चुना, फक्त त्यात मातीचे किंवा ऑक्साइडचे रंग मिसळलेले असतात. प्लॅस्टिक पेंट भिंतीवर पापुद्र्यासारखा बसतो, चुना मात्र भिंतीत मुरतो. मग तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा कडक होतो. या क्रियेला ओल लागते. इथे घोटाळा होतो तो नेमका याच ठिकाणी. कोरड्या, तापलेल्या हवेत पाणी तासाभरात उडून जातं आणि चुना कडक व्हायच्या आत नुसता वाळतो. हात फिरवला की पांढरी पावडर हाताला लागते, ती त्यामुळेच.

म्हणून पद्धत अशी. भिंतीवर आधी पाणी शिंपडून पाहावं. पाणी चटकन शोषलं गेलं तर चुना बसेल. थेंब ओघळून खाली आले तर वर प्लॅस्टिक पेंट आहे असं समजावं. तो खरवडून काढावा, नाही तर त्या पेंटवर चालणारा खनिज प्रायमर आधी लावावा. जिप्समच्या गिलाव्यावर आणि जिप्सम बोर्डवरही नुसता चुना नीट धरत नाही, तिथेही हा प्रायमर हवाच. मग भिंत ओलसर करून दुधाइतक्या पातळ चुन्याचे तीन-चार हात द्यावेत. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा आणि मधून मधून पाण्याचा हलका फवारा मारावा. हवेशीर सकाळ बघावी, भिंतीवर ऊन आणि एसीचा थेट झोत नको. बारा फूट रुंद आणि नऊ फूट उंच भिंत धरली तर क्षेत्रफळ साधारण दहा चौरस मीटर होतं. त्यासाठी सगळ्या हातांना मिळून सात-आठ लिटर पातळ चुना पुरतो. ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच फिका होतो, तेव्हा एका कोपऱ्यात नमुना करून बघावा. चुना डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करावं. मुलांना तेवढा वेळ दूर ठेवावं.

आता टिकण्याचं. चुना पापुद्रे धरत नाही, तो फक्त झिजतो. सोफ्याची पाठ आणि दाराजवळचा कोपरा यांच्यावर दोन-तीन वर्षांत घासल्याच्या खुणा दिसतात. पाण्याचे ओघळ डाग पाडतात आणि भिंत ओल्या फडक्याने पुसता येत नाही. पण दुरुस्ती अगदी सोपी, पुन्हा एक हात दिला की झालं.

चुन्याचा सगळ्यात मोठा गुण तळमजल्याच्या व्हिलात कळतो. किनाऱ्यालगत जमिनीत खारट ओल असते, त्यात बागेला रोज पाणी घातलं जातं. ही ओल भिंतीतून वर चढते आणि गुडघाभर उंचीपर्यंत प्लॅस्टिक पेंटला फुगे येतात. फुगा फोडला की आतून पांढरं मीठ निघतं. पाणी आतून बाहेर येताना पेंटचा पापुद्रा त्याला अडवतो आणि मीठ मागे साठून गिलावाच पोखरतो. चुना मात्र पाण्याची वाफ बाहेर जाऊ देतो. मीठ वर दिसतं खरं, पण कोरड्या ब्रशने झाडून काढता येतं. बर दुबईतल्या अल फहिदी भागात, म्हणजे पूर्वीच्या बस्तकियात, प्रवाळाच्या दगडाची आणि जिप्समच्या गिलाव्याची जुनी घरं आहेत. त्या भिंतीही अशाच श्वास घेणाऱ्या आहेत. मात्र चुना हा ओलीवरचा उपाय नाही, बरं का! भिंतीलगतचं पाणी घालणं थांबवणं किंवा गळकी नळी दुरुस्त करणं आधी. शिवाय खालचा सगळा पेंट उतरवल्याशिवाय चुन्याचा हा फायदा मिळत नाही.

दुसरं टेक्स्चर. हे जाडसर, दाणेदार लेपण असतं आणि रोलर किंवा थापीने उठाव दिला जातो. उठावाच्या जाडीनुसार चौरस मीटरला दीड-दोन किलो माल लागतो, म्हणजे आपल्या त्याच भिंतीला पंधरा-वीस किलो. गिलाव्याची वरखाली आणि बारीक भेगा ते झाकतं, म्हणून व्हिलांच्या बाहेरून ते चालतं. आतल्या भिंतीवर मात्र इथली बारीक धूळ खाचांमध्ये अडकते. एसीच्या झोतासमोर तर काळसर पट्टे दिसू लागतात. फडक्याने पुसलं तर धूळ आणखी आत जाते, तेव्हा मऊ ब्रशचा व्हॅक्यूमच वापरावा. कोपऱ्याचा टवका उडाला तर ठिगळ दिसतंच, कारण हाताचा तोच उठाव पुन्हा जमत नाही. म्हणून उरलेला माल डब्यात घट्ट बंद करून ठेवावा. आणि टेक्स्चर नकोसं झालं की फक्त वरून रंग देऊन चालत नाही. सगळी भिंत घासून पुट्टीने भरून सपाट करावी लागते.

तिसरं स्टेन्सिल, म्हणजे आपल्या रांगोळीच्या छाप्यांचाच भिंतीवरचा भाऊ. खाली साधा, धुता येणारा मॅट रंग हवा आणि तो निदान आठवडाभर वाळलेला हवा. नाहीतर चिकटपट्टी काढताना रंगही निघून येतो. नक्षी भिंतीच्या मध्यापासून सुरू करावी. आपली बारा फुटी भिंत म्हणजे १४४ इंच. नक्षी १८ इंचांची असेल तर बरोबर आठ वेळा बसते आणि कडेला अर्धवट फूल येत नाही. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवावा आणि ठोकत ठोकत रंग लावावा. जास्त रंग घेतला तर तो छाप्याखाली ओघळतो. स्टेन्सिल उडतो तो हात लागतो तिथे, म्हणजे बटणांपाशी आणि मुलांच्या उंचीवर. तिथे मॅट क्लिअरचा एक हात द्यावा. घर सोडताना भिंत पहिल्यासारखी करून द्यायची असेल तर नक्षीच्या कडा आधी पॉलिश पेपरने घासाव्यात. नाहीतर पांढऱ्या रंगाखाली त्या कडा उजेडात उठून दिसतात. नक्षी गडद असेल तर आधी डाग झाकणारा प्रायमरही लावावा.

तर सांगायचा मुद्दा असा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्टेन्सिल सोयीचा, तोही घरमालकाची लेखी परवानगी घेऊन. स्वतःच्या व्हिलात जिथे खालून खारट ओल येते तिथे, पेंट उतरवून, चुना. आणि टेक्स्चर अशाच भिंतीवर, जी आपल्याला वर्षानुवर्षं बदलायची नाही आणि जिच्यावर एसीचा झोत येत नाही. रंगाच्या दुकानात जाण्याआधी भिंतीवर चार थेंब पाणी शिंपडून मात्र बघा.