वीतभर पाणी आणि पुढचा ब्रेक

शंभर-सव्वाशे सीसीची मोटरसायकल घ्यायला गेलं की शोरूममध्ये विचारतात, पुढे ड्रम की डिस्क? डिस्कला थोडे जास्त पैसे पडतात, म्हणून बरेचजण ड्रमवर समाधान मानतात. रोज पावसात ऑफिस गाठणाऱ्याने मात्र इथे काटकसर करू नये.

ड्रम नुसत्या पावसाला घाबरत नाही, हेही खरं. त्याचे लायनर चाकाच्या हबमध्ये झाकलेले असतात, त्यामुळे वरून कोसळणारी सर आत फारशी पोचत नाही. उलट डिस्क उघड्यावर असते आणि सतत भिजते. ओल्या डिस्कचा ब्रेक दाबला की पहिला क्षणभर तो धरत नाही. पण चाकाच्या फिरण्याने पाणी बाहेर फेकलं जातं, उरलेलं पॅड पुसून काढतात आणि मग ब्रेक नेहमीसारखा लागतो.

खरी अडचण तुंबलेल्या पाण्याची. अठरा इंची चाकाचा अॅक्सल रस्त्यापासून साधारण तीस सेंटिमीटरवर असतो आणि ड्रमची खालची कड बावीस-तेवीसवर, म्हणजे वीतभर उंचीवर. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी भरलं की एवढं सहज होतं. ड्रम आणि त्याच्या झाकणामधल्या फटीतून पाणी, सोबत गाळही आत शिरतो. आत गेलेलं पाणी लवकर निघत नाही. लिव्हर नेहमीइतकीच दाबली जाते, गाडी मात्र पुढे सरकत राहते. ताशी चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. ब्रेक अर्धा सेकंद उशिरा धरला तरी साडेपाच मीटर वाढले, आणि समोरची मोटार त्याहून जवळ असू शकते.

म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर मागे कोणी नाही ना हे बघून, सावकाश चालवत दोन्ही ब्रेक हलके दाबत राहावेत. घर्षणाच्या उष्णतेने लायनर सुकतात आणि ब्रेक पुन्हा धरू लागल्याचं हातापायाला कळतं. रात्रभर ओली उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्याच ब्रेकला गचकन धरली, तर ड्रममध्ये आत गंज चढल्याची शक्यता असते. गॅरेजमध्ये ड्रम उघडून साफ करून घ्यावा.

डिस्कही बिनखर्चाची नाही. चिखलाने पॅड लवकर झिजतात, कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. शिवाय चांगली डिस्क ओल्या रस्त्यावर टायरची पकड वाढवत नाही. एबीएस नसलेल्या गाडीवर घाबरून पुढची लिव्हर एकदम आवळली, तर चाक जाम होऊन गाडी घसरते. सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कायद्याने निदान सीबीएस लागतं. त्यात मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण चाक जाम होणं तो थांबवत नाही.

पुढे डिस्क, मागे ड्रम, हीच जोडी पावसाळी रस्त्यांसाठी घ्यावी. मागचं चाक ब्रेक लावताना हलकं होतं, तिथे ड्रम पुरतो.