तासभर की तासाभरात?

काकूंनी तासभर पोळ्या लाटल्या. काकूंनी तासाभरात चाळीस पोळ्या लाटल्या. दोन्ही वाक्यं सरळ आहेत. पण ‘काकूंनी तासभर चाळीस पोळ्या लाटल्या’ म्हणून पाहा, जीभ अडखळते. क्रियापद तेच आहे, बदललं आहे ते कामाचं टोक. नुसत्या पोळ्या कितीही वेळ लाटता येतात, चाळिसावी पोळी झाली की मात्र काम संपतं.

क्रियेला टोक आहे का, आणि तिला वेळ लागतो का, यावरून झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ साली क्रियापदांचे चार गट पाडले. माहीत असणं ही स्थिती. ‘काय करतोयस?’ या प्रश्नाला ‘उत्तर माहीत असतोय’ असं कुणी सांगत नाही, कारण तिथे काही घडतच नसतं. पोहणं ही टोक नसलेली क्रिया, तिला ‘तासभर’ शोभतं. पत्र लिहिणं हे टोक असलेलं काम, त्याला ‘तासाभरात’ लागतं.

या दोघांतला फरक मधेच काम थांबवलं की उघडा पडतो. मुलगी पोहत असताना शिट्टी वाजली आणि ती बाहेर आली, तरी ती पोहली हे खरंच. पत्र लिहीत असताना वीज गेली, तर ‘पत्र लिहिलं’ म्हणता येत नाही, फार तर ‘अर्धं लिहिलं’.

चौथा गट क्षणात घडणाऱ्या गोष्टींचा: किल्ली सापडणं, फुगा फुटणं. इथे ‘तासाभरात’ची कसोटी फसवते. ‘किल्ली दहा मिनिटांत सापडली’ हे वाक्य चालतं, पण ती दहा मिनिटं शोधण्यात गेलेली असतात. सापडण्याला एक क्षणच पुरला. म्हणून इथे ‘अर्धं’ लावून पाहावं. अर्धं पत्र लिहिता येतं, किल्ली मात्र अर्धी सापडत नाही.

खरी गंमत ‘बसणे’ या क्रियापदाची. ‘आजोबा बसतायत’ म्हटलं की गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली होणारे आजोबा दिसतात. ते खुर्चीत स्थिरावले की आपण ‘आजोबा बसलेत’ म्हणतो. रूप झालेल्या क्रियेचं, पण सांगतो आत्ताची स्थिती. ‘झोपलेत’, ‘साडी नेसली आहे’ यांचंही तसंच. ‘पळालेत’चं तसं नाही, त्यावरून माणूस या क्षणी पळतो आहे असं कळत नाही.

मग ‘बसणे’ कोणत्या गटात टाकायचं? ‘आजोबा पटकन बसले’ यात खाली टेकण्याची क्रिया आहे, ‘आजोबा तासभर बसले’ यात त्यानंतरची स्थिती मोजली आहे. म्हणजे गट नुसत्या क्रियापदाला चिकटवून चालत नाही, अख्खं वाक्य तपासावं लागतं. पोळ्यांचा आकडा तरी दिसतो. ‘तासाभरात पोळ्या लाटल्या’ असं नुसतं म्हटलं, तरी ऐकणारा मनातल्या मनात ‘त्या सगळ्या, पंगतीला हव्या होत्या तेवढ्या’ असं टोक स्वतःच जोडून घेतो.