दिलेला वर आणि विसरलेला शब्द

आमच्या सर्वणच्या घरात तिन्हीसांजेला वाईट बोलायची सोय नव्हती. "मेलो रे भुकेनं" असं कोणी म्हटलं की आजी लगेच दटावायची, "तशें म्हणूं नये, वास्तू तथास्तु म्हणटा." घराची वास्तू मनातला हेतू पाहत नाही, तोंडातून पडलेला शब्द तेवढा ऐकते, ही त्यामागची भीती. पुढे अल्लाउद्दीनच्या दिव्याची गोष्ट वाचली तेव्हा मला ती ओळखीची वाटली ती यामुळेच.

गंमत म्हणजे त्या मूळ गोष्टीत 'तीनच इच्छा' अशी अट नाहीच. अंतोआन गालां या फ्रेंच लेखकाने हलबच्या हन्ना दियाब याच्याकडून १७०९ मध्ये ती ऐकली आणि पुढे छापली. तिच्यातला जिन्न हवे तितके मागू देतो, शब्दांत पकडत नाही. तीन इच्छांचा आणि शब्दाला धरून फसगतीचा खेळ युरोपातल्या लोककथांत रंगला. फ्रान्सच्या शार्ल पेरोच्या १६९३ च्या कथेत लाकूडतोड्या भुकेच्या भरात सॉसेज मागून पहिला वर घालवतो. त्यावरून बायको बोलते, तेव्हा रागाने ते तिच्या नाकालाच चिकटो म्हणतो. ते सोडवण्यात तिसरा वर संपतो.

आपल्याकडची भुते याहून कठीण. कोकणातला गिऱ्हा पाण्यात राहतो. त्याचे केस कापून जो लपवून ठेवील त्याचा तो चाकर होतो, सांगेल ते आणून देतो. पण केस परत मिळवायची संधी तो सतत शोधत असतो, आणि ते मिळाले की मालकाची खैर नाही. दुसरे भूत अट घालते, "काम दे, नाहीतर खाईन." मालक घर मागतो, विहीर मागतो, धान्य मागतो. सगळे क्षणात होते आणि भूत पुन्हा पुढ्यात उभे. मागायचे संपते तिथे मालकाची खरी पंचाईत सुरू होते. शेवटी कोणी त्याला कुत्र्याचे शेपूट सरळ करायला लावतो, कोणी अंगणात बांबू रोवून चढ-उतर करायला सांगतो. लहानपणी आम्ही त्या युक्तीला हसायचो. आज वाटते, त्या माणसाला युक्ती सुचेपर्यंतची रात्र कशी गेली असेल.

आमच्याकडे देवचार हा राखणदार. हातात दांडा, खांद्यावर घोंगडी, रात्री सीम फिरणारा. त्याला रोट द्यायचा, सोरो द्यायचा आणि गाऱ्हाणे घालायचे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि मोठाल्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तोही रात्री गाव फिरतो आणि चपला झिजवतो. इथे देवाणघेवाण उघड आहे. म्हणूनच गाऱ्हाण्याचे शब्द जपून घालतात. कोण मागतो, कोणासाठी, काय मिळाल्यावर काय देणार, सगळे स्पष्ट बोलायचे. शेवटी चुकल्यामाकल्याची क्षमा मागायची. जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटले की बोलणे पक्के.

नात्यातल्या एका काकांनी मुलाला बोटीवर नोकरी लागावी म्हणून असा रोट बोलला होता. नोकरी लागली, रोटही दिला. पहिल्या पगारात छप्पर बदलले, मग माडीची हौस आली, मग गाडीची. एक करार संपला की काका म्हणायचे, "आणखी एक खेप कर." दर वेळी देवचाराला आणखी एक रोट. दर वेळी मागितलेले मिळत गेले. बोटीवरचा मुलगा मधूनमधून यायचा, पण महिनाभर राहून परत जायचा. काकी आजारी पडल्या तेव्हा तो समुद्रात होता. पोचेपर्यंत तिसरा दिवस उलटून गेला होता.

त्यानंतर काका माडीवर फारसे चढले नाहीत. देवचाराला त्यांनी कधी दोष दिला नाही. मला एकदा एवढेच म्हणाले, "धाड म्हटलं हांवें. परत हाड म्हणूंक विसरलो." पेरोच्या लाकूडतोड्याला निदान तिसरा वर तरी होता.

पुढच्या वर्षी त्यांनी रोट घातला तेव्हा मी तिथे होतो. गाऱ्हाणे घालणाऱ्याने नेहमीचे सांगणे संपवले आणि हात खाली घेतले. काकांनी त्याला थांबवले. म्हणाले, आणखी एक घाल. चवथीला पोर घरी असूं दे, आणि आता जितके आहे तितके पुरे असे त्याला सांग. तो क्षणभर थांबला. 'पुरे' हा शब्द गाऱ्हाण्यात त्याने कधी घातला नसावा. मग त्याने तो घातला, आणि आम्ही चौघे-पाच जण "व्हय म्हाराजा" म्हणालो.