डाळिंब एकच, पोटं तीन तऱ्हांची

स्पेनच्या आग्नेय भागातल्या मुर्सिया शहरात सहा निरोगी माणसांना पाच दिवस रोज एक लिटर डाळिंबाचा रस देण्यात आला. रस प्यायल्यावर त्यांच्या रक्तात आणि लघवीत काय उतरतं, हे तिथल्या सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना तपासायचं होतं. रसातलं मुख्य द्रव्य म्हणजे प्युनिकॅलाजिन. ते रक्तात सापडेल अशी अपेक्षा होती, पण त्याचा मागमूसही लागला नाही. सापडली ती वेगळीच संयुगं. रसात ती नव्हती, तरी प्रत्येकाच्या शरीरात ती आढळली. त्यांचं प्रमाण मात्र माणसागणिक कमालीचं बदलत होतं. प्यायलेल्या प्युनिकॅलाजिनच्या तुलनेत एकाच्या लघवीत या संयुगांचा एक टक्काही उतरला नाही, तर दुसऱ्याच्या लघवीत निम्म्याहून जास्त उतरला. रस तोच, मात्रा तीच, दिवसही तेवढेच.

हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचं महत्त्व कळण्यासाठी त्याआधीची चार वर्षं पाहायला हवीत. २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठातून एक शोधनिबंध आला होता. बाजारातल्या डाळिंबाच्या रसाची अँटिऑक्सिडंट क्षमता रेड वाइन आणि ग्रीन टीच्या सुमारे तिप्पट आहे, असं त्यात दाखवलं होतं. त्यानंतर डाळिंबाच्या नावाचा जगभर गाजावाजा झाला. ती मोजणी मात्र काचेच्या नळीतली होती. मुर्सियाच्या प्रयोगात रोज लिटरभर रस पिऊनही रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढलेली दिसली नाही. फ्रान्सिस्को तोमास-बार्बेरान हे संशोधक या दोन्ही अभ्यासांत होते. नळीत इतकं प्रभावी ठरलेलं द्रव्य शरीरात जातं तरी कुठे, या प्रश्नाचा त्यांनी आणि हुआन कार्लोस एस्पिन यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी पुढची वीस वर्षं पिच्छा पुरवला.

डाळिंब सोलताना दाण्यांच्या मधला पांढरा-पिवळसर पापुद्रा चुकून दाताखाली आला, तर तोंड लगेच तुरट पडतं आणि जीभ आखडल्यासारखी होते. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन चिकटतात म्हणून असं होतं. डाळिंबातले टॅनिन एलॅजिटॅनिन या गटातले आहेत आणि प्युनिकॅलाजिन हा त्यांतला सर्वांत मोठा वाटेकरी. ते मुख्यतः सालीत आणि पापुद्र्यात असतं, लालचुटूक दाण्यांत त्या मानाने फारच थोडं. दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिन या वेगळ्या रंगद्रव्याचा असतो. कारखान्यात अख्खं फळ दाबून रस काढतात, त्यामुळे सालीतले टॅनिनही त्यात उतरतात. डेव्हिसच्या अभ्यासात म्हणूनच कारखान्यातला रस नुसत्या दाण्यांच्या रसापेक्षा सरस ठरला होता.

प्युनिकॅलाजिनचा रेणू इतका मोठा असतो की आतड्याच्या भिंतीतून तो पार होत नाही. लहान आतड्यापर्यंत पोचता पोचता तो तुटू लागतो आणि त्यातून एलॅजिक आम्ल सुटतं. हे आम्ल पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे त्यातलंही फार थोडं रक्तात शिरतं. उरलेलं सगळं मोठ्या आतड्याकडे सरकतं. तिथे प्राणवायू जवळपास नसतो आणि जिवाणूंची दाटी असते. खरं काम इथून पुढे सुरू होतं.

जिवाणू आधी एलॅजिक आम्लाच्या चौकटीतलं एक कडं उघडतात आणि एक कार्बन काढून टाकतात. त्यातून पहिलं युरोलिथिन तयार होतं. त्याच्या अंगावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या पाच जोड्या असतात. मग एकेक जोडी उतरत जाते: पाचाच्या चार, चाराच्या तीन. तीन जोड्या उरलेलं ते युरोलिथिन सी. त्यातली आणखी एक उतरली की युरोलिथिन ए बनतं. ही जोडी दुसऱ्या जागेवरची उतरली, तर आयसोयुरोलिथिन ए हाती येतं. त्यातूनही एक गेली की एकच जोडी शिल्लक असलेलं युरोलिथिन बी तयार होतं. जोड्या कमी होत जातात तसा रेणू आतड्याच्या भिंतीतून अधिक सहज पार होतो. मग यकृत त्याला साखरेपासून बनलेलं एक आम्ल जोडतं आणि अखेर तो लघवीवाटे बाहेर पडतो. या सगळ्याला वेळ लागतो. सकाळी घेतलेल्या रसाचं युरोलिथिन रक्तात भरपूर दिसायला बहुधा दुसरा दिवस उजाडतो आणि पुढे दोन-तीन दिवस ते लघवीत आढळत राहतं.

सगळ्या पायऱ्या सहसा एकच जिवाणू उतरत नाही, आणि माणसामाणसांतल्या फरकाचं मूळ इथेच आहे. २०१४ मध्ये मुर्सियाच्या गटाने माणसाच्या विष्ठेतून मिळालेल्या एका नव्या जिवाणूचं वर्णन केलं आणि त्याला गॉर्डोनीबॅक्टर युरोलिथिनफेसियन्स असं नाव दिलं. तो एलॅजिक आम्लापासून युरोलिथिन सीपर्यंत काम नेतो आणि तिथे थांबतो. आणखी काही वर्षांनी एलॅजिबॅक्टर हा त्याचा भाऊबंद सापडला. तो आयसोयुरोलिथिन एपर्यंत पोचतो. शेवटची पायरी एन्टरोक्लॉस्टर या तिसऱ्याच कुळातले जिवाणू उतरवतात. युरोलिथिन सीचं ए करणारे तेच आणि आयसोयुरोलिथिन एचं बी करणारेही तेच. ही रिले शर्यत आहे. पहिला धावपटू मैदानात नसेल तर पुढच्याला बॅटन मिळतच नाही. दुसरा नसेल तर शर्यत मध्येच थांबते.

तोमास-बार्बेरान यांच्या गटाने २०१४ मध्येच वेगवेगळ्या चाचण्यांतली माणसं तपासून त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाच्या लघवीत शेवटी युरोलिथिन एच सापडतं. दुसऱ्या गटात एबरोबर आयसोयुरोलिथिन ए आणि बी हेही दिसतात. तिसऱ्या गटात यांपैकी काहीच नसतं. डाळिंबाऐवजी अक्रोड किंवा रासबेरी दिली, तरी माणूस आपल्याच गटात राहतो. पुढे ५ ते ९० वर्षं वयाच्या ८३९ स्पॅनिश लोकांचा अभ्यास झाला. लहान मुलांत पहिला गट सर्वांत मोठा होता. तिशीपर्यंत तो घटत गेला, दुसरा वाढत गेला आणि पुढे दोघांचं प्रमाण स्थिरावलं. काहीच न बनवणारे सर्व वयांत साधारण दहात एक असे होते.

गटाने प्रकृतीत काय फरक पडतो, याचं एक उदाहरण २०१७ मधलं आहे. वजन जास्त असलेल्या ४९ जणांना काही आठवडे डाळिंबाच्या अर्काच्या कॅप्सूल आणि काही आठवडे तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय कॅप्सूल देण्यात आल्या. सगळ्यांची सरासरी काढली असती तर निकाल पुसटच राहिला असता. गटवार पाहिल्यावर चित्र उघडलं. दुसऱ्या गटातल्या लोकांचा हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त होता आणि एलडीएलसह कोलेस्टेरॉल ठळकपणे उतरलं तेही त्यांचंच. पहिल्या गटात तसा फरक दिसला नाही. ज्यांची पातळी आधीच बरी असते त्यांच्यात उतरायला फारसा वाव नसतो, हे त्याचं एक कारण असू शकतं. म्हणजे पहिला गट नशीबवान आणि दुसरा कमनशिबी अशी सरळ वाटणी करता येत नाही.

युरोलिथिन एची कीर्ती मात्र वेगळ्या कारणाने पसरली. पेशींमधल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रिया झिजल्या की त्या मोडून साफ करण्याची व्यवस्था शरीरात असते. युरोलिथिन एमुळे ही सफाई वाढते आणि एका सूक्ष्म गोलकृमीचं आयुष्यही लांबतं, असं स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. त्यावरून तयार युरोलिथिन एच्या गोळ्या निघाल्या. अशाच गोळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १०० निरोगी प्रौढांना एकदा डाळिंबाचा पेलाभर रस आणि एकदा ५०० मिलिग्रॅम युरोलिथिन ए देऊन तुलना केली. रस प्यायल्यावर साधारण ४० टक्के लोकांच्याच रक्तात ते पुरेसं दिसलं. गोळीमुळे मिळालेली मात्रा रसाच्या सहापटीहून जास्त होती. कंपनीचा स्वतःचा फायदा यात उघड आहे. तरी रसाचा आकडा मुर्सियातल्या निरीक्षणांशी जुळणारा आहे.

गोळी घेतली की जिवाणूंची गरज संपते, पण शंका संपत नाहीत. ६५ ते ९० वयाच्या ६६ जणांच्या चाचणीत चार महिने रोज एक ग्रॅम युरोलिथिन ए देण्यात आलं. हाताच्या आणि पायाच्या स्नायूंची दमछाक उशिरा होऊ लागली. सहा मिनिटांत चालून कापलेलं अंतर मात्र निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीय वाढलं नाही. आणखी एक अडचण प्रयोगशाळेतली आहे. पेशींवर मोकळं युरोलिथिन टाकून परिणाम पाहतात, तर रक्तात ते बहुतेक यकृताने आम्ल जोडलेल्या रूपात फिरतं. बशीतला परिणाम शरीरात जसाच्या तसा मिळेल, असं धरून चालता येत नाही.

देशातल्या डाळिंबाचा मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात आहे. इथे भगव्या डाळिंबाचे दाणे सोलून खातात आणि साल टाकून देतात. वाटीभर दाण्यांतून जीवनसत्त्वं, चोथा आणि रंगद्रव्य मिळतं, प्युनिकॅलाजिन मात्र थोडंच. जुलाबावर सालीचा काढा देण्याची घरगुती रीत याच टॅनिनवर आधारलेली आहे. पण म्हणून रोज सालीची पूड खावी असं कुणी सुचवलं तर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. टॅनिन अन्नातलं लोह अडवतात, त्यामुळे रक्त कमी असलेल्यांना ते त्रासाचं ठरू शकतं. शिवाय तेल्या रोग आणि किडी रोखायला बागेत होणाऱ्या फवारण्या पहिल्यांदा सालीवरच बसतात. एलॅजिटॅनिन हवेच असतील तर ते आवळ्यात, अक्रोडात आणि हिरड्यातही असतात.

आपण कुठल्या गटात मोडतो हे चवीवरून, पचनावरून किंवा वजनावरून कळत नाही. अभ्यासात तीन दिवस अक्रोड किंवा डाळिंबाचा अर्क देऊन लघवीचा नमुना घेतात आणि महागड्या यंत्रावर एकेक युरोलिथिन मोजतात. नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ही तपासणी होत नाही. तिसऱ्या गटातल्यांना हवे ते जिवाणू देऊन बघायचा मार्ग २०२३ मध्ये प्राण्यांवर तपासला गेला. युरोलिथिन न बनवणाऱ्या उंदरांना गॉर्डोनीबॅक्टर किंवा एलॅजिबॅक्टर आणि जोडीला एन्टरोक्लॉस्टर दिल्यावर ते पहिल्या किंवा दुसऱ्या गटासारखे वागू लागले. माणसांसाठी तशी सिद्ध झालेली गोळी अजून बाजारात नाही. तोवर डाळिंबाच्या रसाबद्दल किंवा अर्काबद्दल नवा दावा कानावर आला, तर त्या चाचणीत लोकांच्या लघवीतली युरोलिथिनं मोजली होती का आणि निकाल गटवार दिला आहे का, एवढं विचारावं. सगळ्यांची एकच सरासरी दिली असेल, तर तो आकडा आपल्याला लागू पडतो की नाही हे त्यावरून ठरवता येत नाही.